अकाउंटंटचा हात न लागलेला कागद

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात रॉक नदीच्या काठी डिक्सन नावाचं गाव आहे. वस्ती सोळा हजारांच्या आसपास. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांचं बालपण इथे गेलं, ही गावाची एकेकाळची ओळख. आता ऑडिट शिकणाऱ्या माणसाला हे गाव दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक असतं. नगरपालिकेची हिशेबनीस रीटा क्रंडवेल हिने इथे 1990 पासून 2012 पर्यंत गावाच्या तिजोरीतून 5 कोटी 37 लाख डॉलर काढले. एवढ्या काळात कोणालाही पत्ता लागला नाही.

आकडा मोठा असला तरी कचेरी लहानच होती. महापौर आणि आयुक्त अर्धवेळ काम करणारे, आपापला व्यवसाय सांभाळून येणारे. हिशेबाचं सगळं एकट्या क्रंडवेलकडे. शाळेत असतानाच ती तिथे कामाला लागली होती आणि 1983 मध्ये हिशेबाची प्रमुख झाली. कामात चोख, वेळेवर हजर, प्रश्न विचारला की आकडा तोंडावर. आपल्याकडच्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीत, शाळेच्या ट्रस्टमध्ये किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर अशी एक व्यक्ती हमखास असते. ‘सगळं यांनाच माहीत’ असं तिच्याविषयी कौतुकाने सांगितलं जातं. डिक्सनमध्येही तेच सांगत असत.

तिने केलं काय, ते टप्प्याटप्प्याने पाहिलं पाहिजे, कारण त्यात कुठलीच हुशारीची करामत नाही. डिसेंबर 1990 मध्ये तिने एका बँकेत गावाच्या नावाने एक नवं खातं उघडलं. नावात सांडपाण्याच्या राखीव निधीचा उल्लेख, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते सरकारीच वाटावं. त्या खात्यावर सही फक्त तिची. मग गावाच्या निरनिराळ्या निधींतले पैसे ती भांडवली कामांच्या निधीत वळवायची. तिथून ‘ट्रेझरर’ या नावाने चेक लिहायचा आणि तो आपल्या त्या खात्यात भरायचा. खर्चाला आधार हवा म्हणून राज्य सरकारने पाठवलेली भासावीत अशी बिलं ती स्वतः तयार करायची. अशी दीडशेहून अधिक खोटी बिलं पुढे सापडली. पैशाची चणचण का आहे, असं महापौरांनी विचारलं की उत्तर तयार असे: राज्याकडून कराचा वाटा यायला उशीर होतोय. 1991 मध्ये तिने 1 लाख 81 हजार डॉलर काढले होते. 2008 या एका वर्षात 58 लाख. तिचा पगार होता वर्षाला 80 हजारांच्या घरात. पैसा गेला तो मुख्यतः घोड्यांवर. जातिवंत क्वार्टर हॉर्स पाळणारी म्हणून तिचं देशभर नाव होतं. इकडे गावात रस्त्यांची डागडुजी लांबणीवर पडत होती आणि खर्चाला कात्री लावली जात होती.

आता या साखळीत कोणती कामं तिच्या हातात होती ते मोजा. खर्च मंजुरीला मांडणं, चेक लिहिणं, त्याची नोंद वहीत करणं आणि महिनाअखेरीस वही बँकेशी जुळवून पाहणं. चारही. त्यावर आणखी एक काम, जे कोणी कधी काम म्हणून मोजलंच नसेल: टपाल आणणं. बँकेची स्टेटमेंटं टपालाने यायची आणि टपाल ती स्वतः उचलायची. ती बाहेरगावी असली की तिच्या नावाचं टपाल वेगळं काढून ठेवण्याची व्यवस्था केलेली असे. माझ्या मते सगळा बेत या टपालावर उभा होता. खोटं बिल कितीही सफाईने केलं तरी बँक आपल्या कागदावर खरंच लिहिते, आणि तो कागद दुसऱ्या कोणाच्या हाती पडला की संपलं.

झालंही तसंच. 2011 मध्ये ती लांबच्या रजेवर गेली. मागे काम पाहणाऱ्या नगरलिपिक कॅथी स्वॉन्सन यांना काही हिशेब मांडायचा होता, म्हणून त्यांनी बँकेला कळवलं की गावाच्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंटं पाठवा. ‘सगळ्या’ हा शब्द निर्णायक ठरला. आलेल्या कागदांत त्यांनी कधीच न ऐकलेलं एक खातं होतं आणि त्यात एका महिन्यात लाखो डॉलर जमा होऊन खाजगी कामांसाठी बाहेर गेलेले दिसत होते. त्या ते घेऊन महापौर जिम बर्क यांच्याकडे गेल्या, महापौर एफबीआयकडे. पुढचे काही महिने क्रंडवेलला काहीही न कळू देता तपास चालला आणि एप्रिल 2012 मध्ये तिला अटक झाली. फेब्रुवारी 2013 मध्ये 19 वर्षं 7 महिन्यांची शिक्षा झाली. गावाने हिशेब तपासणाऱ्यांवर आणि बँकेवर दावा लावला. तडजोडीतून सुमारे 4 कोटी डॉलर परत मिळाले.

बावीस वर्षांत दरवर्षी ऑडिट होत होतं, हे लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडेही ‘सीए बघतात ना’ या एका वाक्यावर पुष्कळ कचेऱ्या निर्धास्त असतात. पण ऑडिटर वर्ष संपल्यावर येतो, नमुन्यादाखल व्यवहार पाहतो आणि बहुतेक वेळा अकाउंटंटनेच काढून दिलेले कागद पाहतो. अफरातफर हुडकणं हे त्याचं मुख्य काम नाही. ताळेबंद वास्तव चित्र दाखवतो की नाही, यावर मत देणं हे आहे. रोजच्या रोज चाप ठेवायचा असेल तर तो कचेरीतल्या कामाच्या रचनेतच असावा लागतो. त्यालाच अंतर्गत नियंत्रण म्हणतात, आणि कामांची विभागणी हा त्याचा कणा.

विभागणीचा नियम सांगायला सोपा आहे. पैसे खर्चायला ‘हो’ म्हणणारा, पैसे प्रत्यक्ष हाताळणारा, त्यांची नोंद करणारा आणि शेवटी नोंद खरी आहे का हे ताडून पाहणारा, ही चार माणसं वेगळी असावीत. पण ज्या पेढीवर माणसंच तीन आहेत तिथे चार कामं चौघांना कशी वाटणार? नेमक्या इथेच लहान कचेऱ्या हात टेकतात आणि सगळं एकाच्या गळ्यात टाकतात. वास्तविक चारही वेगळी करता आली नाहीत तरी चालतं. कोणती जोडी एका हातात पडू द्यायची नाही, हे कळलं की पुरे.

समजा, तालुक्याच्या गावी औषधांची घाऊक एजन्सी आहे. मालक, एक अकाउंटंट, दुकानादुकानांत फिरून वसुली आणणारा सेल्समन आणि गोदाम सांभाळणारा एक जण. सेल्समन संध्याकाळी रोख आणून अकाउंटंटकडे देतो. अकाउंटंट ती मोजतो, टॅलीत जमा दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरतो. महिनाअखेरीस बँकेशी ताळाही तोच जुळवतो. म्हणजे रोख हाताळणं आणि नोंद करणं ही जोडी एका हातात आली.

आता सोमवारी एका दुकानाचे 20 हजार रुपये आले. अकाउंटंटने ते खिशात घातले आणि नोंद केली नाही. त्या दुकानदाराच्या खात्यावर 20 हजार येणं तसंच राहिलं. फार दिवस राहिलं तर त्याला तगादा जाईल आणि तो पावती दाखवेल. म्हणून गुरुवारी दुसऱ्या दुकानाकडून 25 हजार आले, तेव्हा त्यातले 20 हजार पहिल्याच्या नावावर जमा केले आणि 5 हजारच दुसऱ्याच्या नावावर. आता भोक दुसऱ्याच्या खात्यात गेलं. पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच्या पैशातून ते बुजवायचं. चोरी एकदाच झाली, पण झाकपाक कायमची मागे लागली. सहसा रक्कमही 20 हजारांवर थांबत नाही, कारण भोक सरकवता येतं हे एकदा कळलं की हात पुन्हा जातो. बँकेचा ताळा मात्र दर महिन्याला पै-पैशाने जुळतो. वहीत जेवढं जमा दाखवलं तेवढंच बँकेत भरलेलं असतं. ताळा जुळतो म्हणून मालक समाधानी, आणि इथेच तो फसतो.

हा प्रकार ओळखायचा तर पावतीपुस्तक आणि ग्राहकाचं खातं शेजारी शेजारी ठेवावं लागतं. पावती 25 हजारांची, खात्यात जमा 5 हजार. किंवा पावतीची तारीख 4 आणि जमा 13 तारखेला, असं दोन-चार ठिकाणी दिसलं की थांबून विचारायला हवं. रोज वेळेवर पैसे देणारी दुकानं यादीत आठ-दहा दिवस मागे सरकलेली दिसू लागतात. आणखी एक खूण वागण्यातली: ग्राहकाचा फोन आला की ‘माझ्याकडे द्या, मी बघतो’ असं म्हणणारा, आजारी असतानाही तासभर येऊन जाणारा, वर्षानुवर्षं सलग आठ दिवस रजा न घेणारा माणूस. तो निष्ठावानही असू शकतो, नव्हे, बहुतेक वेळा असतोच. पण भोक रोज सरकवावं लागतं, त्यामुळे असं करणाऱ्याला रजा घेताच येत नाही.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये बँकांना सांगितलं की संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी एकदा किमान 10 कामकाजाचे दिवस सलग, आणि तेही आगाऊ न कळवता, रजेवर पाठवा. लहान पेढीला एवढी शिस्त जमणार नाही, पण वर्षातून एक आठवडा तरी ते टेबल दुसऱ्याने चालवावं. टेबल बंद ठेवून कामं साठवली आणि साहेब आल्यावर त्यांनीच ती उरकली, तर रजेचा उपयोग शून्य.

त्या एजन्सीत नवा माणूस न घेता काय बदलता येईल? सेल्समनने छापील क्रमांकाच्या पावतीपुस्तकातूनच पावती द्यायची. पुस्तकं मालकाच्या कपाटात, कोणतं कधी दिलं याची नोंद, आणि संपलेलं पुस्तक परत आल्याशिवाय नवं नाही. रद्द पावतीची मूळ प्रतही पुस्तकाला टाचलेली हवी. संध्याकाळची रोख गोदामवाल्यासमोर मोजायची. त्याने एका साध्या कागदावर दुकान, पावती क्रमांक आणि रक्कम लिहून सही करायची आणि त्याच कागदावरून बँकेची स्लिप भरायची. अकाउंटंटकडे कागदाची प्रत जाते, रोख जात नाही. तो नोंदी करतो, पण पैशाला त्याचा हात लागत नाही. गोदामवाल्याच्या हाती पैसा येतो, पण टॅली त्याच्या हाती नाही. ज्याने पैसा घेतला त्याला तो लपवता येत नाही, आणि ज्याला लपवता येतं त्याच्या हाती पैसा नाही. आजकाल बरीच वसुली यूपीआयने होते, तिथे दुकानदाराने स्कॅन केलेला क्यूआर पेढीच्याच खात्याचा आहे ना, एवढं मालकाने अधूनमधून स्वतः एक रुपया पाठवून पाहावं.

खर्चाच्या बाजूला नेटबँकिंगने चांगली सोय करून दिली आहे. चालू खात्याला दोन स्वतंत्र लॉगिन घेता येतात: एकाने पेमेंट तयार करायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं. बँकवाले याला मेकर-चेकर म्हणतात. अकाउंटंट मेकर, मालक चेकर. पण प्रत्यक्षात काय होतं? दोन्ही पासवर्ड अकाउंटंटच्या डायरीत असतात आणि मालक गाडी चालवताना फोनवर ओटीपी वाचून दाखवतो. जुन्या पेढ्यांवर हेच सह्या करून ठेवलेल्या कोऱ्या चेकच्या रूपात चालायचं आणि अजूनही चालतं. अशा मंजुरीत मंजूर करणारा हजरच नसतो. मालकाने मंजुरी देताना बिल समोर घ्यावं, आणि कोणत्याही पुरवठादाराचा बँक खातेक्रमांक नव्याने घातला किंवा बदलला असेल तर त्याच्या जुन्या, माहितीतल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारावं. बहुतेक खोटी पेमेंटं एक तर नसलेल्या पुरवठादाराला जातात, नाही तर असलेल्या पुरवठादाराच्या नावाने भलत्याच खात्यात.

एवढी वाटणीसुद्धा जिथे शक्य नाही, म्हणजे मालक आणि एकच कारकून असा संसार आहे, तिथे चौथं काम, ताडून पाहणं, मालकाने स्वतःकडे घ्यावं. हाताळणं, लिहिणं, मांडणं कारकुनाकडे राहू दे. ताडून पाहण्याचा नियम एकच: कारकुनाचा हात न लागलेल्या कागदाशी ताडायचं. कारकुनाने प्रिंट काढून आणलेलं स्टेटमेंट हा तो कागद नव्हे, कारण पीडीएफमधली रक्कम बदलणं आज शाळकरी पोरालाही जमतं. मालकाने स्वतःच्या लॉगिनमधून स्टेटमेंट उतरवावं आणि महिन्यातून एकदा, साधारण अर्धा तास, बाहेर गेलेल्या रकमा ओळीने वाचाव्यात. हिशेबाचं शिक्षण लागत नाही. धंदा कोणाशी चालतो ते मालकाला पाठ असतं, आणि अनोळखी नाव डोळ्यांत खुपतं.

असे आणखी तीन कागद आहेत. एक, वर्षातून एकदा शाखेकडून लेखी घ्यायची यादी, की आमच्या नावावर आणि पॅनवर तुमच्याकडे कोणकोणती खाती आहेत आणि प्रत्येकावर सही कोणाची चालते. दुसरा, जीएसटी पोर्टलवरचा जीएसटीआर-2बी. नोंदणीकृत पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात दाखवलेली बिलं त्यात आपोआप येतात. वहीत खरेदी आहे, पैसेही गेलेत, पण बिल 2बीमध्ये महिनोन्‌महिने दिसत नाही, तर पुरवठादार विवरणपत्र भरत नसेल किंवा बिलच खरं नसेल. दोन्ही गोष्टी मालकाला कळायलाच हव्यात. नोंदणी नसलेल्यांची बिलं त्यात येत नाहीत, म्हणून हमाली, वाहतूक, किरकोळ दुरुस्ती असले खर्च वेगळे चाळावे लागतात, आणि खोटी बिलं जास्त करून तिथेच लपतात. तिसरा कागद ग्राहकांकडून येणारा. सहा महिन्यांतून एकदा मालकाने आपल्या फोनवरून प्रत्येक दुकानदाराला कळवावं की आमच्या वहीप्रमाणे तुमच्याकडे इतके येणे आहेत, फरक असेल तर मलाच सांगा. मघाचा 20 हजारांचा फिरता खेळ या एका निरोपाने उघडा पडतो, कारण त्या क्षणी भोक कोणाच्या तरी खात्यात असतंच.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. सेल्समन आणि गोदामवाला एक झाले तर पावती न देताच रोख घेतली जाईल आणि विभागणी काही करू शकणार नाही; तिथे ग्राहकाचा निरोपच कामाला येतो. मालकाने स्वतःच घोटाळा करायचं ठरवलं तर कुठलंच अंतर्गत नियंत्रण त्याला अडवत नाही. सोसायट्या आणि ट्रस्ट यांत हा धोका मोठा, कारण तिथे सचिव आणि खजिनदार हेच मालकासारखे वागतात आणि दुसरी सही ही केवळ मैत्रीची सही असते. शिवाय कोणाकडून कळतं, हेही महत्त्वाचं. प्रमाणित फसवणूक तपासनीसांची एसीएफई ही जागतिक संघटना दर दोन वर्षांनी उघडकीला आलेल्या प्रकरणांचा अहवाल काढते. त्यात वर्षानुवर्षं एकच गोष्ट वर असते: चाळीस टक्क्यांहून अधिक प्रकरणं कोणीतरी सांगितल्यामुळे उघडी पडली, आणि सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक त्याच संस्थेतले कर्मचारी. गोदामवाल्याला काही खटकलं तर तो अकाउंटंटला वगळून थेट मालकाशी बोलू शकतो, ही वाट उघडी असायला हवी.

नियंत्रण बसवताना जुना अकाउंटंट दुखावतो, हे खरं. ‘वीस वर्षांत कधी विचारलं नाहीत, आता का?’ हा प्रश्न येतोच. त्याला खरं उत्तर देता येतं. ज्या पेढीवर सगळं एकाच हातात असतं, तिथे पैसे गहाळ झाले तर निर्दोष माणसालाही आपण घेतले नाहीत हे सिद्ध करता येत नाही. रोज दुसऱ्याची सही असलेला वसुलीचा कागद ही त्याचीही ढाल आहे.

आणि तफावत सापडलीच तर? पहिली ऊर्मी असते त्या माणसाला बोलावून झापण्याची. तसं करू नये, कारण पुढच्या तासाभरात कागद नाहीसे होऊ शकतात. आधी टॅलीचा बॅकअप वेगळ्या ठिकाणी घ्यावा. त्यात एडिट लॉग चालू असेल तर कोणती नोंद कोणी कधी बदलली ते दिसतं. कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून असा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, पण एकट्या मालकाची पेढीही तो चालू ठेवू शकते. मग बँकेकडून थेट स्टेटमेंट मागवावं, नेटबँकिंगचे पासवर्ड बदलावेत, पावतीपुस्तकं आपल्या ताब्यात घ्यावीत आणि दोन-तीन ग्राहकांकडून त्यांच्या वहीतला उतारा मागवावा. हे सगळं टेबलावर आल्यावरच शांतपणे विचारावं, आणि आधी त्याला बोलू द्यावं. एकाची जमा दुसऱ्याच्या नावावर टाकण्याची साधी चूकही होते, आणि पुष्कळदा तफावतीमागे तेवढंच निघतं.